हाक मारायला शब्दच नसतो तेव्हा

सप्रेम नमस्कार. माझे वय ४४ असून मी सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम करतो. गेल्या वर्षी एक कथा लिहिली. यंत्रमागावर ३० वर्षे काम केलेला दत्ता आणि घरी टॉवेलची शिलाई करणारी सुमन यांच्या लग्नाला २८ वर्षे झाली आहेत. मुलगा प्रकाश पुण्याला नोकरीला गेल्यानंतर एका रात्री दत्ताच्या लक्षात येते की आपण दोघे कित्येक वर्षांत खरे बोललोच नाही. तो सुमनला उठवतो आणि दोघे पहाटेपर्यंत बोलत बसतात. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवली आणि सोबत एकच ओळ लिहिली, ‘कळले, पण पटले नाही.’ माझ्या पत्नीने वाचून सांगितले, ‘खरे आहे सगळे, पण असे कुणाच्या लक्षात येत नसते.’ कथा सोबत जोडली आहे. नेमके काय चुकले?
एक वाचक, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्नीचे म्हणणे मला संपादकांच्या ओळीपेक्षा अधिक नेमके वाटते. कथा मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा सातव्या पानावरच्या एकाच वाक्यापाशी अडखळले: ‘दत्ताच्या अचानक लक्षात आले.’ एखादी गोष्ट आपल्यापाशी उरलेली नाही, हे माणसाला असे आपोआप उमगत नाही. दाराशी काढलेली चप्पल चोरीला गेली तर ते बाहेर पडताना लगेच समजते. पण माळ्यावरचे जुने घंगाळ कुणी नेले असेल तर ते घरात लग्नकार्य निघेपर्यंत समजत नाही. बोलणे या दुसऱ्या प्रकारात मोडते. ते हरवले आहे हे कळायला ते कधीतरी तातडीने हवे व्हावे लागते. तुमच्या कथेतल्या त्या रात्री दत्ताला बोलण्याची काहीच निकड नाही. तो पंख्याकडे बघत पडलेला आहे. अशा माणसाला एकाएकी आपल्या संसाराचे सार कळते असे तुम्ही लिहिता, तेव्हा ते दत्ताला कळले असे वाटत नाही, तुम्हाला कळले आणि तुम्ही त्याच्या डोक्यात ठेवले असे वाटते.

त्याआधीच्या सहा पानांतली अडचण मला याहून महत्त्वाची वाटते. न बोलणारे जोडपे दाखवायचे म्हणून तुम्ही त्या दोघांना गप्प बसवले आहे. ती जेवताना गप्प आहेत, पायरीवर बसून गप्प आहेत, प्रकाशला गाडीत बसवून परत येताना रिक्षातही गप्प आहेत. दोन खोल्यांच्या घरात २८ वर्षे संसार करणारी माणसे इतकी गप्प राहू शकत नाहीत. इतकी शांतता भांडण झालेल्या घरात असते, आणि अबोला धरायलासुद्धा समोरच्या माणसाची रोज नव्याने दखल घ्यावी लागते. तुमच्या दत्ता आणि सुमन यांचे भांडण झालेले नाही. म्हणजे ती दोघे दिवसभर बोलत असणार: गॅस संपत आला आहे, शिवलेले गठ्ठे न्यायला माणूस दुपारी येणार आहे, लाइटचे बिल या वेळी जास्त आले आहे, रविवारी मेहुण्याकडे वास्तुशांत आहे. पहिली सहा पाने वाचताना वाचकाला या घरात काही बिनसले आहे अशी शंकासुद्धा येता कामा नये. जे दोघांना २८ वर्षांत दिसले नाही ते वाचकाला दुसऱ्या पानावर दिसू लागले, तर पुढची सगळी कथा तो त्यांची वाट बघत बसतो.

कामाला लागण्यापूर्वी एक करून पाहा. कथेतले फक्त संवाद वेगळ्या कागदावर उतरवा आणि प्रत्येक वाक्यापुढे ते कोणत्या कामासाठी बोलले गेले ते लिहा. ज्या वाक्यापुढे काहीच काम लिहिता येत नाही, जिथे एकाला दुसऱ्याबद्दल उगीचच काहीतरी जाणून घ्यायचे आहे किंवा सांगायचे आहे, ते वाक्य अधोरेखित करा. मी तुमच्या कथेवर हे करून पाहिले. पहिल्या सहा पानांत फक्त अकरा वाक्ये सापडली आणि त्यांतली पाच अधोरेखित करावी लागली. हे नेमके उलटे झाले आहे. तिथे साठ वाक्ये हवीत, आणि त्यांतली अधोरेखित होण्यासारखी दोन-तीनच असावीत, तीही सगळी सुरुवातीच्या वर्षांत.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. दोन माणसांमधले बोलणे आटत जाते तेव्हा सगळ्यात आधी काय नाहीसे होते, असे मला कुणी विचारले तर मी म्हणेन की संबोधन नाहीसे होते. आपल्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. ती ‘अहो’ म्हणते, ‘ऐकलंत का’ म्हणते. नवरा ‘अगं’ म्हणतो किंवा नावाने हाक मारतो. हे शब्द निरर्थक वाटतात, पण त्यांत एक काम असते: पुढचे वाक्य तुझ्यासाठी आहे, असे ते सांगतात. आणि मराठीत त्यांच्यावाचून अगदी सहज निभते. ‘चहा ठेवलाय.’ ‘जेवण झालंय.’ ‘निघायला हवं.’ ‘दूध संपलं.’ या वाक्यांत मी नाही आणि तूही नाही. ती घराच्या हवेत सोडून दिलेली असतात आणि जो कुणी जवळ असेल तो ती उचलतो. बाहेरून ऐकणाऱ्याला नवरा-बायको नीट बोलताहेत असेच वाटते. अशा वाक्यांवर दहा वर्षे संसार चालतो आणि कुणाच्या, अगदी त्या दोघांच्याही, ध्यानात येत नाही.

म्हणून कथेत हेच करा. सुरुवातीच्या प्रसंगांत प्रत्येक दुसऱ्या वाक्यात ‘अहो’ आणि ‘सुमे’ येऊ द्या; मग ते हळूहळू कमी करा आणि चौथ्या पानानंतर एकदाही येऊ देऊ नका. निवेदकाने याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तुम्ही घाबराल की वाचकाला हे समजणार नाही, आणि तसे ते समजणार नाहीच, कारण निवेदन स्वतः पावलोपावली ‘दत्ता’ आणि ‘सुमन’ म्हणत राहते आणि वाचकाचे कान त्या नावांनी भरलेले असतात. ही सोय फार मोलाची आहे. नावे पानावर सगळीकडे आहेत, फक्त त्या दोघांच्या तोंडी नाहीत.

इतकी वर्षे थोडक्या पानांत कशी सरकवायची, हा तुमच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न आहे. तुम्ही ती ‘दिवस जात होते’, ‘वर्षे उलटली’ अशा वाक्यांनी सरकवली आहेत. त्याऐवजी एकच प्रसंग तीनदा लिहा. तुमच्या हाताशी असा प्रसंग आयताच आहे, कारण सोलापूरच्या घराघरात तो वर्षानुवर्षे घडतो आहे. उजनीचे पाणी शहरात काही दिवसांआड येते, अनेकदा भलत्या वेळी येते, आणि त्या वेळी घरातल्या एकाने दुसऱ्याला उठवावेच लागते. म्हणजे हा प्रसंग पुन्हापुन्हा घडणारा आहे, त्यात बोलणे अटळ आहे आणि तो रात्रीचा, दोघांचाच आहे. मी खाली नमुना देते तो जसाच्या तसा घेऊ नका; फक्त काय गळत जाते तेवढे बघा.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, भाड्याच्या खोलीत, हंडा आणि दोन घागरी:

“अहो, उठा की. पाणी आलंय.”
“किती वाजले गं?”
“अडीच. मला स्वप्न पडलं होतं, आपण तळ्यात घर बांधलंय.”
“मग नळाला रांग कशाला लावायची, सुमे?”

बारा वर्षांनंतर, दारात निळे पिंप आणि हिरवी नळी:

“अहो, पाणी आलंय.”
“नळी लाव.”
“लावली.”

आणखी बारा वर्षांनी, स्वतःचे घर, जमिनीत हौद, वर टाकी:

“पाणी आलंय.”

आणि दत्ता आधीच उठून मोटरचे बटण दाबत असतो.

हंडा, पिंप आणि हौद यांच्यावरून वाचकाला काळ कळतो, त्यामुळे साल लिहावे लागत नाही, आणि भांड्यांवरून संसार वर चढत गेलेलाही दिसतो. हे मला महत्त्वाचे वाटते. या दोघांचे वाईट झालेले नाही. त्यांनी घर बांधले, मुलगा शिकवला. तिसऱ्या वेळी बोलणे कमी झाले आहे त्याचे एक कारण असेही आहे की दोघे एकमेकांच्या कामाला इतके सरावले आहेत की सांगावेच लागत नाही. ज्या सवयीमुळे घर सुरळीत चालते त्याच सवयीत बोलणे विरून जाते, म्हणून इथे कुणाला दोष देता येत नाही. तुमच्या मसुद्यात दोष दत्ताचा आहे असे सुचवणारी तीन वाक्ये आहेत. ती काढून टाका.

प्रकाशबद्दल थोडेच सांगते. तो घरात असेपर्यंत दोघांची पुष्कळ वाक्ये त्याच्यामार्फत गेली असणार: ‘बाबांना म्हणावं, पान वाढलंय’, ‘आईला विचार, किल्ली कुठाय’. असा एक प्रसंग पुरे. तो पुण्याला गेला की हा निरोप्या गेला, हे वाचक स्वतः जोडेल. रिकाम्या खाटेवरचा तुमचा परिच्छेद चांगला उतरला आहे, पण या कथेला तो नको आहे, कारण तो वाचला की ही मुलाच्या विरहाची कथा वाटू लागते.

यंत्रमागाचे मात्र उलट आहे; ते तुम्ही फारच थोडक्यात उरकले आहे. तुम्ही कारखान्यात वावरणारे आहात आणि ते तपशील माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहेत, पण त्यांचा कथेशी संबंध कुठे लागतो ते सांगते. धोट्याचे माग ज्या शेडमध्ये एका वेळी चालतात तिथला आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी कमाल मर्यादा ९० डेसिबलच सांगितली आहे. अशा आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचे कान एकदम जात नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचे. बोलण्यातले स, श, फ, थ असे हवेवर चालणारे वर्ण मुख्यतः उंच पट्टीत असतात, म्हणून त्या माणसाला कुणीतरी बोलते आहे हे ऐकू येते, पण काय बोलते आहे ते समजत नाही. शांत खोलीत समोरासमोर बसले तर त्याचे ठीक चालते. गर्दीत किंवा पाठीमागून हाक आली तर चालत नाही. आणि गेलेले ऐकणे परत येत नाही.

हा तपशील कथेत घ्या, पण त्याला कारण होऊ देऊ नका. ‘त्याला ऐकू येत नव्हते म्हणून बोलणे थांबले’ असे एकदा झाले की वाचक म्हणेल, मग कानाचे यंत्र आणा, आणि कथा तिथेच मिटेल. ऐकू न येणे ही दोघांना मिळालेली सबब आहे. सुमनला ‘जाऊ दे, त्यांना ऐकू यायचं नाही’ असे मनाशी म्हणून एखादी गोष्ट सांगायची टाळता येते, आणि दत्ताला ऐकू आलेले वाक्यही न आल्यासारखे सोडून देता येते. ती सबब आहे हे वाचकाला कळावे म्हणून एक छोटा प्रसंग घाला: पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर दत्ता सोबत्याशी अर्धा तास बोलतो, त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करतो, हसतो. त्याच्यावर भाष्य करू नका. तो घरी येतो आणि सुमन म्हणते, ‘जेवण झालंय’, तिथे प्रसंग संपवा.

शेडमधली दुसरी गोष्ट म्हणजे ओठ वाचणे. तुमच्या दुसऱ्या पानावर एक सुंदर ओळ आहे की मागावरची माणसे कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकतात. ती एका ओळीत सोडून देऊ नका, कारण शेवटी तीच उपयोगी पडणार आहे. नव्या पोराला दत्ता ही विद्या शिकवतो असे दाखवा. शाळेच्या व्याकरणात ओष्ठ्य आणि दंत्य वर्ण शिकवतात, तेच इथे हाताशी येते. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, म्हणून ते लांबून दिसतात. ‘ओ’ आणि ‘उ’ म्हणताना ओठ गोल होतात, तेही दिसतात. पण त आणि द दातांच्या आत होतात आणि ह घशात होतो. ते दिसत नाहीत. दत्ता पोराला सांगतो, “बीम, पगार, मालक, सगळं दिसतं बघ. माझं नाव तेवढं दिसत नाही. दत्ता म्हणलं की नुसतं तोंड उघडतं.” शेडमधली माणसे हसतात आणि प्रसंग पुढे जातो. वाचकाला तो कारखान्यातला गमतीचा तुकडा वाटला पाहिजे.

आता कळण्याचा क्षण. तो पंख्याखाली न ठेवता होम मैदानावर, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत ठेवावा असे मी सुचवते. सिद्धेश्वराच्या यात्रेतला अक्षता सोहळा जानेवारीत संमती कट्ट्याजवळ होतो आणि तो प्रतीकात्मक विवाहाचा सोहळा असल्यामुळे तुम्हाला प्रसंग नेमका तिथेच घालण्याचा मोह होईल. तो टाळा. नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंद्या, हवेत उडणाऱ्या अक्षता यांचे चित्र इतके भरलेले आहे की लग्न आणि संमती यांचा अर्थ ते तुमच्याआधी स्वतःच सांगून टाकेल. त्यानंतरच्या एखाद्या साध्या संध्याकाळी, पाळणे आणि खेळण्यांची दुकाने यांच्या मधल्या गर्दीत ती दोघे फिरायला गेलेली असू देत. प्रकाश नाही, तरी सवयीने गेली आहेत. सुमन बांगड्यांच्या दुकानापाशी थांबते, दत्ता चार पावले पुढे जातो, मधून माणसांचा लोंढा जातो, आणि तो मागे वळून बघतो तर ती नाही.

तुम्हाला इथे लगेच मोबाइल आठवेल, आणि वाचकालाही आठवेल, म्हणून तो टाळता येणार नाही. दत्ता फोन लावतो. तिचा फोन पिशवीत आहे आणि त्या कोलाहलात तिला ऐकू येत नाही, इतकेच पुरे. नेटवर्क गायब करण्याची गरज नाही. पण फोन लावताना तिचा क्रमांक त्याने कोणत्या नावाने जपून ठेवला आहे ते वाचकाला दिसू द्या. तिथे ‘सुमन’ नाही. तिथे ‘घर’ असे आहे. पूर्वी घरात दोघांत एकच फोन होता, तोच पुढे तिच्याकडे राहिला, आणि नाव बदलायचे राहून गेले. हे एका वाक्यात सांगा. क्रूरपणा काही नाही, नुसते राहून गेले आहे.

मग तो हाक मारायला तोंड उघडतो, आणि इथे कथा थांबते, कारण काय म्हणून हाक मारायची हे त्याला सुचत नाही. ‘अगं’ म्हणावे तर भोवतालच्या शंभर बायका वळतील. ‘प्रकाशची आई’ असे तो शेजाऱ्यांशी बोलताना म्हणतो, पण तिला उद्देशून कधी म्हटलेले नाही. उरते तिचे नाव. ते त्याला अर्थातच ठाऊक आहे, ते रेशन कार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर त्याने कितीदा लिहिले आहे, पण ते जिभेवर येत नाही. शेवटचे कधी म्हटले होते, हे तो आठवू लागतो. हा प्रसंग लिहिताना दत्ताच्या मनात ‘आपण बोलत नाही’ असा विचार एकदाही आणू नका. त्याला त्या घटकेला बायको हवी आहे आणि तिला बोलावण्याचे साधन त्याच्यापाशी नाही, एवढेच त्याला कळते. बाकीचे वाचकाला कळेल, कारण मागची सहा पाने आता एकदम उजळतील. तो मागे जाऊन शोधेल की हे शब्द कुठे गळाले. तुमच्या पत्नीचा आक्षेप इथे मिटतो असे मला वाटते. दत्ताच्या काही लक्षात येत नाही. त्याला अडते.

या जागी दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे घबराट वाढवणे: चेंगराचेंगरी, पोलीस, ध्वनिक्षेपकावरून घोषणा. सुमन हरवलेली नाही; ती प्रौढ बाई आहे, तिला घरचा रस्ता माहीत आहे, आणि फार तर दहा मिनिटांत ती सापडणार आहे. धोका जितका मोठा कराल तितका तो शब्द न सुचण्याचा क्षण किरकोळ वाटेल. दुसरी चूक म्हणजे त्याला नाव सुचवून टाकणे. ‘सुमन!’ अशी आर्त हाक गर्दी चिरत गेली आणि ती वळली, असे लिहिले की वाचक सुटकेचा श्वास टाकतो, आणि सुटका झाली की तो मागची पाने विसरतो.

म्हणून सुमनला आधी दत्ता दिसू द्या. पाळण्याच्या दिव्यांखाली, बरीच लांब, ती त्याच्याकडे बघून हाक मारते आहे. त्याला ऐकू काही येत नाही. त्या गोंगाटात येणे शक्य नाही. पण ओठ दिसतात. इथे फक्त एवढेच लिहा: ‘तिचे ओठ मिटले नाहीत. गोलही झाले नाहीत. नुसते तोंड उघडले, दोनदा.’ तिने ‘प्रकाशचे बाबा’ म्हटले असते तर ओठ मिटले असते. ‘अहो’ म्हटले असते तर शेवटी गोल झाले असते. मग तिने काय म्हटले, हे शेडमधली गंमत लक्षात असलेला वाचक ओळखेल आणि नसलेला ओळखणार नाही. दोघांसाठीही कथा पुरी होते. पहिल्याला काही अधिक मिळेल, आणि ते कथेने त्याच्या हातात ठेवले नाही म्हणून त्याला ते जास्त आपले वाटेल.

यामुळे सुमनचा प्रश्नही सुटतो. तुमच्या मसुद्यात कळणारा दत्ता आहे आणि सुमन फक्त उठवली जाणारी आहे. तुम्ही तिच्या मनात शिरावे असे मी म्हणणार नाही, कारण एवढ्या लहान कथेत दृष्टिकोन एकाचाच राहिलेला बरा. पण तिलाही त्याच दहा मिनिटांत तीच अडचण आली असणार, तिच्यापाशीही हाक उरली नव्हती, आणि तिने २८ वर्षांत न केलेली गोष्ट करून ती सोडवली. आत न शिरता हे सांगून होते.

आता शेवट. पहाटेपर्यंतचे बोलणे, म्हणजे तुमची शेवटची पाच पाने, पूर्ण काढावी लागतील. मला ती वाचताना तुमचा जीव त्यांत किती गुंतला आहे हे जाणवत होते, आणि सुमन माहेरच्या विहिरीबद्दल सांगते तो भाग तर वेगळी कथा होईल इतका चांगला आहे. तो जपून ठेवा. पण २८ वर्षांचे साचलेले एका रात्रीत बोलून टाकणारी माणसे आधीही बोलत असणार. या दोघांना सवयच नाही. त्यांना जमेल ते फार थोडे असेल, एक-दोन वाक्यांपुरते. मला सुचलेले असे आहे. दोघे मैदानाबाहेर येतात, रिक्षाची वाट बघत उभी राहतात. दत्ता म्हणतो:

“काय म्हणून हाक मारलीस?”

सुमन थोडा वेळ पिशवीचे बंद नीट करते. मग विचारते:

“ऐकू आलं तुम्हाला?”

“नाही.”

पहिल्या वाक्यातला प्रश्न बघा. त्यापुढे कोणतेही काम लिहिता येत नाही. चौथ्या पानानंतरचे हे पहिले अधोरेखित करण्याजोगे वाक्य आहे. आणि सुमनच्या वाक्यात ‘तुम्हाला’ आहे. इतक्या पानांनंतर तिच्या वाक्यात समोरचा माणूस परत आला आहे. ‘नाही’ नंतर ‘दिसलं’ असा शब्द मी आधी लिहिला होता आणि मग खोडला. तो आला की दत्ता हुशार ठरतो आणि ओठांचे कोडे उघडे पडते. ‘नाही’वर थांबलेले मला बरे वाटते, पण तुम्ही दोन्ही लिहून दोन दिवस ठेवून बघा, दत्ताला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

पाण्याचा चौथा प्रसंग मात्र लिहू नका. यात्रेनंतर पाणी येते आणि सुमन म्हणते ‘अहो, पाणी आलंय’, असा शेवट तुम्हाला सुचेल याची मला जवळजवळ खात्री आहे, कारण तो मलाही सुचला. त्यात दोघांचे सगळे पुन्हा जुळले असे ठरते, आणि ते ठरवण्याइतके अजून काही घडलेले नाही.

लिहायला बसाल तेव्हा मैदानावरचा प्रसंग आधी लिहा आणि तो पक्का झाल्यावर मागे येऊन पाण्याचे तीन प्रसंग आणि ओठांची गंमत पेरा. पुढून सुरुवात केलीत तर तुम्ही पुन्हा त्यांना गप्प बसवाल. कथा सव्वादोन ते अडीच हजार शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नका. आणि संपादकांकडे पाठवण्याआधी ती पत्नीला द्या. कशी वाटली असे विचारू नका. वाचता वाचता त्या मागची पाने चाळायला कुठे वळल्या, तेवढे बघा. त्या मैदानाच्या प्रसंगापाशी वळल्या नाहीत, तर गळालेले शब्द अजून पुरेसे गळालेले नाहीत आणि संवादांचा तो वेगळा कागद पुन्हा काढावा लागेल.